उतरलेला ताप पुन्हा चढतो तेव्हा : फ्लूमधील दुसऱ्या चढाचा अर्थ

इन्फ्लुएंझा या विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा आजार म्हणजे फ्लू, आणि बहुतेक रुग्णांत तो एका ओळखीच्या क्रमाने येतो व जातो. संसर्ग झाल्यावर एक ते चार दिवसांत थंडी वाजून एकाएकी ताप चढतो, डोके आणि सर्वांग दुखते, घसा खवखवतो आणि कोरडा खोकला सुरू होतो. हा ताप साधारणपणे तीन ते पाच दिवस राहून ओसरतो, खोकला आणि अशक्तपणा मात्र त्यानंतरही एक-दोन आठवडे रेंगाळतो. या क्रमात अखेरपर्यंत टिकणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, त्या म्हणजे खोकला आणि थकवा. ताप त्यांत मोडत नाही. त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी ताप पूर्ण उतरला, रुग्णाला भूक लागू लागली, तो अंगणात येऊन बसू लागला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सणकून ताप भरला, तर तो जुन्या फ्लूचा उरलेला भाग समजणे योग्य नाही. अशा वेळी बहुधा दुसराच आजार सुरू झालेला असतो, आणि तो कोणता हे त्याच दिवशी पाहून घ्यावे लागते.

हा दुसरा चढ खरा आहे की भासमान, हे प्रथम ठरवावे लागते, कारण घरोघरी 'ताप उलटला' असे म्हटले जाते त्यातील बराच भाग औषधाचा असर संपल्यामुळे दिसणारा असतो. पॅरासिटामॉलच्या गोळीचा परिणाम चार ते सहा तास टिकतो आणि तो ओसरला की दबलेला ताप वर येतो. सकाळी उतरलेला आणि दुपारी परतलेला असा ताप हा पहिलाच ताप असतो, त्याला दुसरा चढ म्हणता येत नाही. याहून फसवा प्रकार इंजेक्शनाचा आहे. खेड्यापाड्यांत तापासाठी 'सुई मारून' घेण्याची पद्धत रुजलेली आहे, आणि अशा सुईत काही वेळा डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड, म्हणजे शरीराची दाहक प्रतिक्रिया दाबणारे औषध, असते. त्याने एक-दोन दिवस ताप जातो, भूक लागते, अंग हलके वाटते आणि रुग्ण बरा झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात संसर्ग चालूच असतो आणि त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती मात्र मंदावलेली असते. म्हणून ज्या मधल्या काळात किमान २४ तास, ताप उतरवणारी कोणतीही गोळी वा सुई न घेता, तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या खाली राहिले, तोच काळ खरी उसंत मानावा. अशा उसंतीनंतर तापमान १००.४ अंश किंवा त्याहून वर गेले, तर तो खरा दुसरा चढ समजावा.

हा भेद करायचा तर काखेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर आणि वहीचे एक पान पुरते. सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळचे तापमान, मोजण्याआधी किती तासांपूर्वी कोणती गोळी घेतली होती ते, आणि खोकला कोरडा की ओला, एवढ्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवल्या, तर आठव्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाच्या सांगण्यातून न उलगडणारी गोष्ट त्या पानावर सरळ दिसते. काखेतले तापमान तोंडातल्यापेक्षा सुमारे एक अंश फॅरनहाइटने कमी येते, हेही ध्यानात असावे. फ्लूमध्ये, विशेषतः लहान मुलांत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापाची रेषा थोडी खाली येऊन पुन्हा थोडी वर गेल्यासारखी दिसते; परंतु मधे पूर्ण उसंत नसते, मूल एकंदरीत सुधारत असते आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सारे निवळते. इतक्या चढउताराने घाबरून जाण्याचे कारण नाही.

खऱ्या दुसऱ्या चढामागे सर्वांत महत्त्वाची शक्यता असते ती दुय्यम जिवाणूजन्य न्यूमोनियाची, म्हणजे विषाणूने आधी जखमी केलेल्या फुप्फुसात नंतर जिवाणूंनी केलेल्या संसर्गाची. घसा आणि नाक यांच्या मागच्या भागात न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस, हिमोफिलस यांसारखे जिवाणू अनेक निरोगी माणसांतही मुक्कामाला असतात, पण ते फुप्फुसात उतरू शकत नाहीत, कारण श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस चिकट द्रवासह सारी घाण सतत वर ढकलत राहतात आणि त्यातूनही जे निसटते ते फुप्फुसातील भक्षक पेशी गिळून टाकतात. फ्लूचा विषाणू नेमका या केसाळ पेशींतच वाढतो आणि त्यांना मारतो. अस्तर सोलवटून निघते, खालचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्यावर जिवाणूंना चिकटायला जागा मिळते. शिवाय विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी रसायने सोडते त्यांच्या परिणामामुळे जिवाणूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम काही दिवस ढिले पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत जिवाणूंना सर्वाधिक वाव फ्लूच्या सातव्या दिवसाच्या आसपास मिळतो असे आढळले आहे. विषाणू हरू लागलेला असतो, म्हणून ताप उतरतो, परंतु अस्तर अजून भरून आलेले नसते. रुग्णाला बरे वाटण्याचे दिवस आणि फुप्फुस सर्वाधिक उघडे असण्याचे दिवस असे एकमेकांवर येतात, आणि दुसऱ्या चढाआधीची उसंत याच कारणाने फसवी ठरते.

या क्रमाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद पुरावा १९१८ च्या साथीत मिळतो. महाराष्ट्रात 'मानमोडी' या नावाने आठवणीत राहिलेली ती साथ जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरली, पहिली लाट तुलनेने सौम्य गेली आणि सप्टेंबरपासूनची दुसरी लाट रेल्वेमार्गांनी आत पसरत गेली. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्याचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, तर वर्धा नदीपलीकडील चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक मनुष्यहानी झालेल्या प्रदेशांपैकी एक ठरला. या मृत्यूंचे कारण दीर्घकाळ केवळ विषाणूचा जहालपणा हेच मानले जात असे. मात्र २००८ मध्ये अमेरिकेतील मोरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची या संशोधकांनी त्या साथीतील ५८ मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने नव्याने तपासले, जगभर प्रसिद्ध झालेल्या हजारो शवविच्छेदनांचे अहवाल त्यांच्याशी ताडून पाहिले आणि असा निष्कर्ष मांडला की बहुसंख्य मृत्यू फ्लूनंतर झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत. आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ बऱ्याच रुग्णांत सात ते चौदा दिवसांचा होता, ही गोष्टही त्याच्याशी जुळते. तेव्हा प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी औषधे, अस्तित्वातच नव्हती. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी लागला आणि ते सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचायला आणखी दीड-दोन दशके गेली.

प्रतिजैविके आल्यावर हा धोका कमी झाला, संपला नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली आणि भारतातील पहिला मृत्यू त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला; त्याच साथीत अमेरिकेत तपासलेल्या ७७ मृत्यूंपैकी २२ जणांच्या फुप्फुसांत जिवाणूंचाही संसर्ग आढळला होता. अर्थात उरलेल्या मृतांमध्ये तसा पुरावा मिळाला नाही, यावरून फ्लू स्वतःच्या बळावरही फुप्फुस निकामी करू शकतो हे स्पष्ट होते. अशा प्राथमिक विषाणूजन्य न्यूमोनियाची चाल वेगळी असते: ताप मधे उतरतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दम लागत जातो आणि ओठ-नखे निळसर दिसू लागतात. दुसऱ्या चढाची वाट पाहण्याइतका वेळ तो देत नाही, त्यामुळे उसंत नसलेला आणि दम वाढवत नेणारा ताप कोणत्याही दिवशी तातडीचाच मानावा.

कोरपना, जिवती, राजुरा आणि त्यांना लागून असलेल्या डोंगराळ जंगलपट्ट्यात दुसऱ्या चढाचा विचार केवळ फुप्फुसापुरता थांबवता येत नाही, आणि याबाबतीत शहरांसाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हिवताप, म्हणजे मलेरिया, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत नियमित आढळतो. त्यात मेंदू व मूत्रपिंडावर आघात करू शकणारा फाल्सिपॅरम हा प्रकारही असतो, ज्याला आरोग्य कर्मचारी 'पीएफ' म्हणतात. हिवतापात थंडी वाजून चढणारा ताप घाम येऊन उतरतो, मधे माणूस बराचसा ठीक असतो आणि एक दिवसाआड किंवा अनियमितपणे ताप पुन्हा येतो, म्हणजे त्याची चाल दुरून पाहणाऱ्याला उलटलेल्या फ्लूसारखीच भासते. फ्लूची साथही याच पावसाळी महिन्यांत वाढते, आणि म्हणून 'गावात साऱ्यांनाच सर्दी-ताप आहे' या कारणाने रक्त न तपासण्याची चूक इथे सहज घडते. आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील परिचारिका बोटातून रक्ताचा थेंब घेऊन किटवर १५ ते २० मिनिटांत निदान करू शकतात, आणि दुसरा चढ आलेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व्हायलाच हवी. किट निगेटिव्ह आले आणि ताप राहिला, तर एक-दोन दिवसांत रक्ताची तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण रक्तातील परजीवी सुरुवातीला फार कमी असू शकतात.

डेंग्यूची गोष्ट उलटी आहे आणि ती स्वतंत्रपणे समजून घ्यावी लागते. डेंग्यूतही काही रुग्णांत ताप मधे एखादा दिवस उतरून पुन्हा चढतो, परंतु या आजारात धोक्याची घडी ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान येते: पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे ही लक्षणे ताप नसतानाही रुग्णालय गाठायला लावणारी आहेत. याच कारणाने, निदान निश्चित होईपर्यंत, या भागात तापासाठी पॅरासिटामॉलशिवाय दुसरे वेदनाशामक घेऊ नये; आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो, आणि ॲस्पिरिन तर फ्लू झालेल्या मुलांना कधीच देऊ नये, कारण त्याने यकृत व मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम नावाचा विकार क्वचित उद्भवतो. स्क्रब टायफस हाही विचारात घ्यायचा तिसरा ताप: गवत-झुडपांत राहणाऱ्या बारीक कोळीवर्गीय किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो होतो, चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखा काळा खपलीदार डाग काही रुग्णांत दिसतो, आणि तो काखेत, जांघेत वा कमरेच्या घडीत लपलेला असल्याने मुद्दाम शोधावा लागतो. या तापाला डॉक्सिसायक्लिन हे औषध लागते; न्यूमोनियासाठी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिन वर्गातील औषधांनी तो बरा होत नाही.

हे सारे एकत्र कसे वापरायचे, हे एका नमुन्यादाखल कल्पिलेल्या रुग्णाच्या आधाराने पाहता येईल. कोरपना तालुक्यातील एखाद्या गावात सप्टेंबरमध्ये निंदणाच्या कामाला जाणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीला संध्याकाळी थंडी वाजून १०२.६ अंश ताप आला, कोरडा खोकला सुरू झाला, घरात मुलाला दोन दिवसांपूर्वी तसाच सर्दी-खोकला झाला होता, असे समजावे. दुसऱ्या दिवशी ताप १०३, तिसऱ्या दिवशी १०१.८, चौथ्या दिवशी १००.२ राहिला, पाचव्या आणि सहाव्या दिवशी गोळी न घेता तापमान ९८.६ च्या आसपास होते, भूक परतली आणि सहाव्या दिवशी ती अर्धा दिवस शेतात जाऊनही आली. सातव्या दिवशी रात्री तिला दात वाजतील अशी थंडी भरली, ताप १०२.८ झाला, खोकल्यातून गंजासारख्या तांबूस-पिवळ्या रंगाचा बेडका पडू लागला आणि श्वास आत ओढताना उजव्या बरगडीखाली चमक मारू लागली. आठव्या दिवशी सकाळी तिचा श्वास मिनिटाला २८ वेळा चालत होता आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९२ टक्के दिसत होते.

या नोंदींत चार गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. दोन पूर्ण दिवसांची उसंत औषधाविना होती, म्हणजे चढ खरा आहे. कोरडा खोकला ओला झाला आणि बेडक्याचा रंग पालटला, म्हणजे घसा-श्वासनलिकेतला आजार खाली उतरल्याचा संशय बळावतो. श्वासाबरोबर होणारी एका बाजूची वेदना फुप्फुसावरील आवरणाला सूज आल्याचे सुचवते, आणि फ्लूच्या सर्वांगदुखीहून ती वेगळी असते, कारण ती श्वास रोखताच कमी होते. आणि विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो, त्या मानाने २८ हा आकडा फुप्फुसाचा एखादा भाग काम करेनासा झाल्याचे दर्शवतो. यातील एकेका लक्षणाला स्वतंत्र महत्त्व कमी आहे. निव्वळ पिवळा बेडका साध्या सर्दीच्या शेवटीही पडतो आणि त्यावरून प्रतिजैविक सुरू करणे चूकच ठरते. ही सारी लक्षणे उसंतीनंतरच्या तापासोबत आली म्हणून त्यांचे वजन वाढते. अशा रुग्णाला त्याच सकाळी, गावातील सुईची वाट न धरता, ग्रामीण रुग्णालयात न्यावे, आणि दम वाढत असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कोरपन्याहून चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे अंतर ५० किलोमीटरांहून अधिक आहे आणि पावसाळ्यात आतल्या पाड्यांवरून पक्क्या रस्त्यापर्यंत येण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे 'संध्याकाळपर्यंत पाहू' हा विचार इथे शहरापेक्षा कितीतरी महाग पडतो.

श्वास मोजण्याची रीत सोपी असली तरी ती घाईत बिघडते. रुग्ण शांत बसलेला किंवा पडलेला असताना, त्याच्या पोटा-छातीकडे पाहत, घड्याळाचे पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये आणि मूल रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानले जाते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, बाळाने दूध न पिणे किंवा सुस्त पडून राहणे यांपैकी काहीही दिसले तर आकडे मोजत बसण्याची गरज उरत नाही. मोठ्या माणसात मिनिटाला ३० श्वास, बोलताना वाक्य तुटणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा प्राणवायू ९४ टक्क्यांच्या खाली जाणे ही तातडीची चिन्हे होत. वयोवृद्धांत ताप फारसा चढतच नाही आणि नवा गोंधळ किंवा खाणे-पिणे सोडणे हेच दुसऱ्या आजाराचे पहिले लक्षण असू शकते. ऑक्सिमीटर गार बोटावर किंवा नेलपॉलिश लावलेल्या नखावर चुकीचा आकडा दाखवू शकतो, म्हणून बोट चोळून गरम करून, नख स्वच्छ करून आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबून तो वाचावा.

या भागातील एका गटासाठी वरील सारा हिशोब लागू होत नाही, आणि तो गट म्हणजे सिकलसेलचे रुग्ण. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार असून चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक समाजांत तो आढळतो. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या 'एसएस' रुग्णात प्लीहा, म्हणजे रक्तातील जिवाणू गाळून काढणारा पोटातील अवयव, बालपणापासून निकामी होत जातो आणि न्यूमोकोकससारखे जिवाणू काही तासांत रक्तभर पसरू शकतात. अशा रुग्णाने दुसऱ्या चढाची तर नाहीच, पहिल्या चढाचीही वाट पाहू नये. १०१ अंशांच्या वरचा कोणताही ताप, किंवा तापासोबत छातीत दुखणे, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेणारा मानावा आणि तिथे पोहोचताच सिकलसेलचे कार्ड दाखवावे. एकाच पालकाकडून दोष आलेल्या 'एएस' वाहकाला मात्र इतका धोका नसतो, त्याने इतरांप्रमाणेच वागावे. गरोदर स्त्रिया, मधुमेही, दम्याचे रुग्ण, पासष्टीपुढील माणसे, आणि चुलीच्या धुराने, बिडीने किंवा चुनखडी, सिमेंट व कोळशाच्या कामातील धुळीने वर्षानुवर्षे छाती खराब झालेले कामगार यांच्यासाठीही प्रतीक्षेची मर्यादा आखूडच ठेवावी. अशांना फ्लूच्या पहिल्या दोन दिवसांतच ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळाले, तर पुढची गुंतागुंत कमी होण्याची शक्यता असते.

रुग्णालयात काय अपेक्षित आहे हे नातेवाइकांना ठाऊक असले तर प्रश्न नेमके विचारता येतात. छातीचा एक्स-रे, हिवतापाची तपासणी, रक्तपेशींची मोजणी आणि शक्य असेल तर बेडक्याची तपासणी एवढ्यावर निदान बऱ्याच अंशी उभे राहते. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर जिवाणूंचा संशय दुणावतो, परंतु त्या फार कमी झालेल्या दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नये. फ्लूनंतरच्या स्टॅफिलोकोकसच्या जहाल न्यूमोनियात त्या घटतात आणि तसे होणे वाईट लक्षण असते. हा प्रकार तरुण, धडधाकट माणसालाही गाठतो, बेडक्यातून रक्त पडते आणि स्थिती दिवसांत नव्हे तर तासांत ढासळते. कोणते प्रतिजैविक द्यायचे हे डॉक्टर या शक्यतांचा विचार करून ठरवतात, आणि नेमक्या याच ठिकाणी घरात उरलेल्या अझिथ्रोमायसिनच्या दोन-तीन गोळ्या आधीच घेतलेल्या असल्या तर नुकसान होते, कारण त्या अनेकदा न्यूमोकोकसवर चालत नाहीत, तरीही तपासणीत जिवाणू सापडण्याची शक्यता मात्र घटवतात. काही गोळ्या घेतल्याच असतील तर त्यांचे रिकामे पाकीट सोबत न्यावे.

वरील उदाहरणातील स्त्रीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात पांढरा डाग दिसला आणि हिवतापाचे किट निगेटिव्ह आले, तर प्रतिजैविक सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांत ताप उतरू लागणे, श्वासांची संख्या कमी होणे आणि भूक परतणे अपेक्षित असते. तसे झाले नाही, तर पहिला प्रश्न औषध बदलण्याचा नसून निदान पुन्हा पाहण्याचा असतो: फुप्फुसाभोवती पू किंवा पाणी साचले आहे का, जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही का, की हा मुळात स्क्रब टायफस आहे. ताप गेल्यावरही औषधाचा सांगितलेला कालावधी, जो साध्या न्यूमोनियात बहुधा पाच ते सात दिवसांचा असतो, पूर्ण करावा आणि मजुरी बुडते म्हणून तिसऱ्याच दिवशी निंदणाला परतण्याची घाई टाळावी. मुलांच्या बाबतीत दुसरा चढ नेहमी छातीतूनच येतो असेही नाही. कान ओढून रडणारे, रात्री झोप न लागणारे मूल मध्यकर्णाच्या संसर्गाने तापलेले असू शकते, आणि मोठ्यांत कपाळ-गाल ठणकणे व एका नाकपुडीतून घट्ट पिवळा शेंबूड येणे हे सायनसच्या संसर्गाकडे बोट दाखवते. दोन्हींवर उपचार सोपे आहेत, पण ते तपासूनच ठरतात.

प्रतिबंधाच्या बाबतीत थोडक्यात इतके सांगता येते की न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही ही लस २०२१ पासून देशभरच्या शासकीय लसीकरणात बाळांना सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते, आणि फ्लूची लस धोक्याच्या गटातील माणसांनी दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, घेतलेली बरी.

न्यूमोनिया बरा झाल्यावरही एक धागा सोडू नये. एक्स-रेमधील डाग लक्षणे गेल्यानंतरही काही आठवडे दिसू शकतो, त्यामुळे तो लगेच पुसला गेला नाही म्हणून औषध लांबवले जात नाही; मात्र पन्नाशीपुढील किंवा बिडी ओढणाऱ्या व्यक्तीने सुमारे सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढून तो निवळल्याची खात्री करावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, संध्याकाळी बारीक ताप येत राहिला किंवा वजन उतरू लागले, तर आशा कार्यकर्तीकडून डबी घेऊन बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी. शासकीय केंद्रात ती मोफत होते, आणि डबीत थुंकी न भरता सकाळी उठल्यावर खोल खोकून निघालेला बेडकाच द्यावा लागतो.